उपरोध, प्रसंगगत उपरोध आणि योगायोग : तिन्ही वेगळे कसे ओळखावेत

इंदूरच्या राजेंद्रनगरात दर रविवारी सकाळी मी मराठी घरांतल्या मुलांना भाषा शिकवतो. ही मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात, आणि इंग्रजीच्या पेपरात त्यांना 'आयरनी' ओळखण्याचा प्रश्न हमखास असतो. एकदा आठवीतली एक मुलगी वर्गात शिरताशिरताच म्हणाली, "सर, शुक्रवारी काय आयरनी झाली माहीत आहे? मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी न ठरवता नवा लाल डबा आणला, आणि दोघींच्या डब्यात साबुदाण्याची खिचडीच निघाली!" मी कॅलेंडर काढून शुक्रवारच्या चौकटीवर बोट ठेवले, तेव्हा तिनेच वाचले : एकादशी. त्या दिवशी इंदूरातल्या कितीतरी मराठी डब्यांत खिचडीच असणार होती. म्हणजे डब्याचा रंग जुळला हा योगायोग होता, खिचडी जुळली हा योगायोगही नव्हता, आणि आयरनी तर यात कोठेच नव्हती.

असा गोंधळ होण्याचे एक कारण सोपे आहे. तिन्ही गोष्टी ऐकून माणूस "अरे, काय पण!" म्हणतो आणि हसतो, म्हणून हसण्यावरून त्यांत फरक करता येत नाही. दुसरे कारण मात्र आपल्या शहराशी जोडलेले आहे आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आपली मुले दोन भाषांमधून ये-जा करत असतात, आणि या विषयातले काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसत असले तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. हिंदीत 'विडंबना' म्हणजे परिस्थितीने केलेली उलटापालट. मराठीत 'विडंबन' म्हणजे एखाद्या कवितेची किंवा शैलीची गमतीदार नक्कल. हिंदीत 'संयोग' म्हणजे योगायोग. मराठीत 'संयोग' म्हणजे दोन गोष्टींचे एकत्र येणे. हिंदीत 'व्यंग्य' म्हणजे उपहासाने बोललेले. मराठीत नुसते 'व्यंग' म्हटले तर ऐकणाऱ्याला शरीरातला दोष आठवतो. तेव्हा मराठीत उत्तर लिहिताना हिंदीच्या पुस्तकातला शब्द तसाच उचलून ठेवू नये. या लेखात मी तीन शब्द वापरणार आहे. बोलण्यातल्या आयरनीला 'उपरोध', घडण्यातल्या आयरनीला 'प्रसंगगत उपरोध', आणि कोइन्सिडन्सला आपला नेहमीचा 'योगायोग'. यांपैकी मधल्या प्रकारासाठी मराठीत एकच सर्वमान्य शब्द रुळलेला नाही. 'दैवदुर्विलास' हा शब्द आहे, पण तो दुःखद प्रसंगांना शोभतो. विनोदी प्रसंगाला तो लावला की वाक्य उगीच गंभीर होते.

पहिली पायरी : कोणी बोलले, की काही घडले?

उदाहरण समोर आले की प्रथम हाच प्रश्न विचारावा. गंमत जर कोणाच्या तरी वाक्यात असेल, आणि ते वाक्य काढून टाकल्यावर उदाहरणात काहीच उरत नसेल, तर आपण उपरोधाच्या दारात आहोत. गंमत जर घटनेत असेल, आणि कोणी एक अक्षर बोलले नाही तरी ती तशीच टिकत असेल, तर उत्तर उरलेल्या दोनांपैकी एक आहे. एका भिंतीवर कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर लिहिले आहे, 'या भिंतीवर कागद चिकटवू नयेत.' यात शब्द आहेत खरे, पण लिहिणाऱ्याने ते सरळ अर्थाने लिहिले आहेत; उलट घडले आहे ते त्याच्या कृतीतून. म्हणून हा बोलण्यातला उपरोध नव्हे, प्रसंगगत उपरोध आहे.

दुसरी पायरी : बोललेले उलट आहे का, आणि ते ओळखले जावे अशी इच्छा आहे का?

उपरोधात बोलणारा एक म्हणतो आणि त्याच्या मनात बहुधा नेमके उलट असते. संस्कृत साहित्यशास्त्रात याला विपरीतलक्षणा म्हणतात : शब्दाचा सरळ अर्थ प्रसंगात बसत नाही, म्हणून आपण त्याचा उलटा अर्थ घेतो. परंतु उलटे तर खोटे बोलणाराही बोलतो. मग फरक कोठे आहे? खोटे बोलणाऱ्याला आपण पकडले जाऊ नये असे वाटते, आणि उपरोधाने बोलणाऱ्याला आपला खरा अर्थ समोरच्याने पकडलाच पाहिजे असे वाटते. मुलाने स्वयंपाकघरात तुपाची बरणी पाडली आणि आईला सांगितले, "मांजर आली होती," तर ते खोटे. आईने जमिनीवर पसरलेल्या तुपाकडे पाहून म्हटले, "वा! फरशी किती छान चमकते आहे," तर तो उपरोध. आईला फरशीचे कौतुक करायचे नाही, हे त्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हे कशावरून ओळखू येते? आवाजाचा हेल, भुवई, मुद्दाम लांबवलेले 'वा' आणि 'किती' या खुणा सगळ्यांना माहीत आहेत. मराठीत मात्र याहून पक्की खूण आहे, आणि ती आपल्या सर्वनामांत दडलेली आहे. जी आई रोज "ऊठ रे" म्हणते, तीच सकाळी साडेनऊला म्हणते, "उठलात का महाराज? आपल्यासाठी चहा पाठवू का?" 'तू'चा अचानक 'आपण' झाला, त्यामागे 'महाराज' लागले, की समजावे वाक्य उलटे वाचायचे आहे. रोज आदरार्थी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी हेच 'आपण' आले तर त्यात उपरोध नसतो. खूण शब्दात नसून बदलात आहे, आणि म्हणून उत्तर लिहिताना 'नेहमी एकेरी बोलणारी आई येथे मुद्दाम आदरार्थी बोलते' एवढे एक वाक्य लिहिले तरी परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याने उदाहरण खरोखर वाचले आहे.

येथे मला थोडे अधिक थांबावेसे वाटते, कारण मराठीत उपरोध इतका मुरलेला आहे की कित्येक वाक्प्रचारांत तो गोठून बसला आहे आणि आपल्याला तो दिसतही नाही. 'परीक्षेत काय दिवे लावलेस?' या वाक्यात दिवे लावणे हे मुळात मंगल काम आहे, पण आपण ते फजितीसाठीच वापरतो. 'त्याने मुक्ताफळे उधळली' म्हणजे मोती उधळले, आणि अर्थ मात्र असा की तो काहीबाही बरळला. 'काय प्रताप करून आलास?' यात प्रताप नाही, 'बाबांनी माझा चांगला उद्धार केला' यात उद्धार नाही, आणि 'पाठीत प्रसाद मिळाला' यात तर प्रसादाचा कणही नाही. मी वर्गात मुलांना असे वाक्प्रचार घरून जमवून आणायला सांगतो, आणि सर्वांत भरलेली वही नेहमी त्या मुलाची असते ज्याची आजी घरात आहे.

एक चूक टाळावी. प्रत्येक टोमणा उपरोध नसतो. "तुझ्या घरी घड्याळ आहे ना?" हा उशिरा आलेल्या मित्राला मारलेला टोमणा आहे, पण त्यात उलटा अर्थ नाही. "किती लवकर आलास रे!" हा मात्र उपरोध आहे. तसेच प्रत्येक उपरोध बोचणारा असतो असेही नाही. आजोबा पाहुण्यांसमोर तक्रारीच्या सुरात म्हणतात, "हिने आम्हांला पार बिघडवून ठेवले आहे. इंदूरात राहून बाहेरचे पोहे घशाखाली उतरत नाहीत!" वरवर ही निंदा आहे आणि आत आजीच्या हातच्या पोह्यांची स्तुती आहे. निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा केली की आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला व्याजस्तुती अलंकार म्हणतात, आणि तो अलंकार ज्याला समजला त्याला बोलण्यातला उपरोध वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसरी पायरी : अपेक्षा कोठून आली आणि उलट कशामुळे घडले?

आता घडण्याकडे वळू. येथेच सर्वाधिक गुण जातात, कारण 'अपेक्षेपेक्षा वेगळे घडले' एवढीच व्याख्या मुले पाठ करून येतात, आणि मग बस चुकली, पेन हरवले, भात करपला, सगळेच आयरनी ठरते. वेगळे घडणे पुरेसे नाही. घडलेली गोष्ट अपेक्षेच्या उलट असावी लागते, आणि ती अपेक्षा व तो उलट परिणाम यांना बांधणारा एखादा धागा त्या घटनेतच असावा लागतो. तो धागा बहुधा माणसाचे स्वतःचे काम असते, किंवा त्याचा पेशा, किंवा त्याने घेतलेली खबरदारी. 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' या म्हणीत घडवणारे हात तेच आहेत. 'दिव्याखाली अंधार' यात अंधार पडतो तो दिव्याच्याच बुडाशी.

धागा आहे की नाही हे तपासण्याची एक पद्धत मी वर्गात वापरतो : उदाहरणातली एकच गोष्ट बदलून पाहायची. समजा, एका कॉलनीतल्या मुलांना महूजवळचा पाताळपाणीचा धबधबा पाहायला जायचे आहे. धबधब्याला पाणी हवे म्हणून त्यांनी दोनदा सहल पुढे ढकलली आणि पावसाची वाट पाहिली. अखेर पाऊस आला, तो इतका कोसळला की तिकडे जाणे धोक्याचे ठरले आणि पावसामुळेच सहल रद्द झाली. हा प्रसंगगत उपरोध आहे : ज्याच्यासाठी थांबले त्यानेच बेत मोडला. आता फक्त कारण बदलू. पाऊस बेताचा पडला, पण बसचा क्लच गेला आणि सहल रद्द झाली. मुले तितकीच हिरमुसतील, परंतु पावसाची वाट पाहणे आणि क्लच जाणे यांत काही संबंध नाही, म्हणून हे नुसते दुर्दैव आहे. आणखी एकदा बदलू. बस ज्यांनी दिली ते काका आदल्या संध्याकाळी सर्वांना सांगत होते, "गाडीची काळजी नको, कालच सगळी तपासून घेतली," आणि तपासणीत मेकॅनिकने क्लचची तार सैल ठेवल्यामुळेच गाडी अडली. धागा पुन्हा आला, कारण गाडी अडू नये म्हणून केलेल्या कामानेच ती अडवली. एक गोष्ट बदलताच उपरोध नाहीसा होतो किंवा परत येतो, आणि जी गोष्ट बदलल्याने तो नाहीसा झाला तीच उत्तरात अधोरेखित करायची असते.

याच पद्धतीने लग्नातल्या पावसाचा जुना प्रश्न सुटतो. जुलैत लग्न ठेवले आणि पाऊस आला, यात काहीच नवल नाही, कारण इंदूरात जुलैत पाऊस पडतोच. हिवाळ्यात लग्न ठेवले आणि अवेळी पाऊस आला, तर ते दुर्दैव. परंतु वधूचे वडील हवामानाचा अंदाज सांगणारे असतील, आणि "त्या दिवशी आकाश निरभ्र राहील" असे स्वतः गणित करून त्यांनी तो मुहूर्त निवडला असेल, तर मांडवात गळणारा प्रत्येक थेंब प्रसंगगत उपरोधाचा आहे.

चौथी पायरी : नुसती जुळणी आहे का, आणि तिला सामाईक कारण आहे का?

योगायोगासाठी मराठीत इतकी नेमकी म्हण आहे की व्याख्येची गरजच पडू नये : कावळा बसायला आणि फांदी मोडायला. कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली नाही, आणि फांदी मोडेल असे कोणाला वाटले नव्हते किंवा मोडणार नाही असेही वाटले नव्हते. दोन गोष्टी फक्त एका क्षणी जुळल्या. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात; तेथे कावळा ताडावर बसतो आणि ताडफळ पडते. योगायोगात जुळणी असते, उपरोधात उलट असते. जुळणी आणि उलट हे दोन शब्द लक्षात ठेवले तर बरेचसे काम होते.

दोन सावधगिऱ्या मात्र आवश्यक आहेत. जुळणीला एकच सामाईक कारण सापडले तर तो योगायोग राहत नाही. खिचडीच्या दोन डब्यांचे कारण एकादशी होते. आणि जी जुळणी आपल्याला विलक्षण वाटते ती कधीकधी अगदी अपेक्षित असते. वर्गात 23 मुले असतील, तर त्यांपैकी कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 50 टक्क्यांहून थोडी अधिक असते, आणि 40 मुलांच्या वर्गात ती सुमारे 89 टक्के होते. कारण आपण एका मुलाची तारीख शोधत नाही, तर प्रत्येक मुलाची इतर प्रत्येकाशी जोडी तपासतो, आणि 23 मुलांत अशा 253 जोड्या होतात. म्हणून वर्गात दोन वाढदिवस एका दिवशी आले तर तो योगायोग आहे, पण डोळे विस्फारण्याजोगा नाही.

दोन्ही एकाच घटनेत आले तर?

तसे होते, आणि इतिहासात त्याचे ठळक उदाहरण आहे. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ते आधी मित्र होते, मग राजकारणातले प्रतिस्पर्धी झाले आणि म्हातारपणी पत्रांतून पुन्हा मित्र झाले. दोघांचाही मृत्यू 4 जुलै 1826 या एकाच दिवशी झाला, आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 50 वर्षे पूर्ण होत होती. दिवस जुळला, हा योगायोग. परंतु अ‍ॅडम्स यांचे अखेरचे बोल 'थॉमस जेफरसन अजून आहेत' अशा अर्थाचे होते असे सांगितले जाते, आणि जेफरसन तर काही तासांपूर्वीच वारले होते. व्हर्जिनियातली ती बातमी मॅसॅच्युसेट्सपर्यंत इतक्या लवकर पोहोचणे त्या काळी शक्यच नव्हते. ज्या वाक्यात आधार शोधला तेच वाक्य त्या क्षणी खोटे होते, हा प्रसंगगत उपरोध. अ‍ॅडम्स यांनी ते सरळ मनाने म्हटले, म्हणून तो बोलण्यातला उपरोध मात्र नव्हे. अशा उदाहरणाला एकच नाव देण्याचा हट्ट धरू नये. घटनेचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे नाव द्यावे.

उत्तर लिहून पाहू

शेवटी तिन्ही प्रकार असलेला एक प्रसंग घेऊ. दहावीतला भाचा घरी सांगतो की तो मित्राकडे गणिते सोडवायला चालला आहे. त्याच्या मामांना डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. ते मामींना सांगतात की ते भजनाला चालले आहेत. दोघेही मनाशी एकच विचार करतात : रात्री दहाला सराफ्याच्या खाऊबाजारात इतकी गर्दी असते की तेथे आपल्याला कोण ओळखणार! आणि रबडीच्या कढईसमोर दोघांचे हात एकाच वेळी पुढे येतात. दोघांच्याही अंगात निळा शर्ट आहे. मामा भाच्याकडे पाहून म्हणतात, "वा, गणिते जोरात चाललेली दिसतात!" भाचा म्हणतो, "आणि मामा, तुमचे भजनही रंगलेले दिसते."

याचे उत्तर वहीत असे यावे : 'दोघांचेही शर्ट निळे असणे हा योगायोग आहे, कारण ती केवळ जुळणी आहे आणि कोणाच्याही अपेक्षेला ती छेद देत नाही. दोघांची भेट हा प्रसंगगत उपरोध आहे, कारण कोणी पाहू नये म्हणून दोघांनी जी जागा निवडली तिनेच दोघांना उघडे पाडले. ते सराफ्यात सहज भेटले असते तर तो फक्त योगायोग ठरला असता. मामांचे आणि भाच्याचे वाक्य हा उपरोध आहे, कारण दोघेही जे म्हणतात त्याच्या उलट त्यांना म्हणायचे आहे आणि समोरच्याला ते कळावे अशी दोघांचीही इच्छा आहे. घरी सांगितलेल्या थापा मात्र उपरोध नाहीत, कारण त्या कळू नयेत अशी दोघांची इच्छा होती.'

हे उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मामींनी नंतर विचारले असते, 'भजनात प्रसाद काय होता हो?' तर?" मी त्याला विचारले, मामींना खरे कळलेले आहे की नाही? त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "कळलेले असेल तर उपरोध. कळलेले नसेल तर साधा प्रश्न, पण मामांच्या दृष्टीने प्रसंगगत."

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि मी ती फळ्यावर तशीच लिहून घेतली.